छप्पन्न की सत्तावन्न?

स्पर्धा परीक्षेच्या सराव पुस्तकांमध्ये हमखास भेटणारा एक प्रश्न घेऊ. १०० ते ५०० या दरम्यान ७ ने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती? पर्याय आहेत ५५, ५६, ५७ आणि ५८.

गणित साधं आहे. शंभरच्या पुढची ७ ने भाग जाणारी पहिली संख्या १०५, पाचशेच्या अलीकडची शेवटची ४९७. दोन्हींतला फरक ३९२. त्याला ७ ने भागलं की ५६ येतात. वर पाहावं तर ५६ पर्यायांत हजर. मुलगा खूश होतो, गोल काळा करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उत्तर मात्र ५७ आहे.

झालं काय, तर त्याने संख्या मोजल्याच नाहीत. संख्यांमधल्या उड्या मोजल्या. १०५ पासून ४९७ पर्यंत पोहोचायला सातासातच्या ५६ उड्या लागतात, पण ज्या ठिकाणाहून पहिली उडी घेतली ती १०५ ही संख्यासुद्धा मोजायची असते. कुंपणाचे खांब आणि खांबांमधल्या मोकळ्या जागा यांचं जे नातं, तेच इथे. जागा छप्पन्न असतील तर खांब सत्तावन्न.

पर्याय इतके जवळचे का ठेवतात, याचं उत्तर यातच आहे. प्रश्न काढणाऱ्याला चौथा पर्याय पुष्कळदा भरतीचा म्हणून टाकावा लागतो, पण उरलेले दोन चुकीचे पर्याय तो विचार करूनच ठेवतो. विद्यार्थी कुठे घसरेल हे त्याला ठाऊक असतं आणि घसरल्यावर जी संख्या हाती येईल तीच तो पर्यायात लिहितो. म्हणून श्रेढीच्या प्रश्नात आपलं उत्तर पर्यायांत सापडलं, एवढ्यावरून ते बरोबर आहे असं मुळीच ठरत नाही.

आता शिकवण्यांमध्ये नेहमी रंगणारा वाद. एक पक्ष म्हणतो, सूत्र पाठ करा, किंमती टाका, मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, सूत्र कशाला, पदं मांडत जा, डोळ्यांना दिसेल. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर पातळीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. तेव्हा हा वाद नुसता आवडीनिवडीचा नाही. पण तो ज्या मुद्द्यावर घातला जातो तो मुद्दा मला पटत नाही. पदं किती आहेत, दहापेक्षा कमी की जास्त, यावर लोक निर्णय घेतात. खरं तर चूक कुठे होण्याची शक्यता आहे, यावर तो घ्यायला हवा.

सूत्र वापरताना बेरीज सहसा चुकत नाही. चुकतो तो n. n घ्यायचा की n मधून एक वजा करायचा, पहिला दिवस धरायचा की सोडायचा, इथे पाय घसरतो. पदं मांडताना याच्या उलट होतं. कुठून सुरुवात झाली, कुठे थांबायचं, हे कागदावर दिसत असतं. पण अकराव्या-बाराव्या पदाशी कुठेतरी हातचा विसरतो, किंवा एक पद दोनदा लिहिलं जातं, आणि तिथून पुढची सगळी पदं चुकतात. दोन्ही पद्धतींच्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत. म्हणूनच एकीने दुसरीला तपासता येतं, आणि तेही थोडक्यात.

वरच्या प्रश्नात शंका आली तर ५७ संख्या मांडून बसायची गरज नाही. प्रश्न लहान करायचा. १०० ते १२० मध्ये ७ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? १०५, ११२, ११९. तीन, समोर दिसतात. आता रीत लावून पाहा: ११९ वजा १०५ म्हणजे १४, भागिले ७ म्हणजे २. खरं उत्तर तीन, आपल्या रीतीने आले दोन, म्हणजे एक मिळवायला हवा. पाच सेकंदांत n चा निकाल लागला. हीच दुरुस्ती मोठ्या प्रश्नाला लागू.

काही जण हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवतात. ५०० ला ७ ने भागलं की भागाकार ७१, म्हणजे पाचशेपर्यंत ७ चे ७१ गुणक. १०० ला भागलं की १४, म्हणजे शंभरपर्यंतचे १४ गुणक नको आहेत. ७१ वजा १४, उत्तर ५७. इथे एक मिळवायचा नाही. या वाटेवर गोंधळ होतो तो १०५ हा ७ चा पंधरावा गुणक असल्यामुळे. कुणी ७१ मधून १५ वजा करतो आणि पुन्हा ५६ वर येऊन पडतो. टाकायचे आहेत ते चौदा. पंधरावा हवा आहे. दोन्ही वाटा बरोबर आहेत, पण एकीचा अर्धा भाग दुसरीला जोडला की घात होतो.

आता बेरजेचा प्रश्न पाहू, कारण तिथे पर्याय जवळचे असले तरी चटकन तसे वाटत नाहीत. एका बाईंनी पहिल्या महिन्यात ५०० रुपये शिल्लक टाकले आणि नंतर दर महिन्याला आधीच्यापेक्षा ५० रुपये जास्त टाकत गेल्या. दोन वर्षांत एकूण किती जमले? पर्याय: २४,१५०, २५,८००, २६,४००, २७,५००.

चोवीस महिने मांडत बसणं हा वेडेपणा आहे. इथे सूत्रच हवं. शाळेच्या पुस्तकातलं सूत्र असं:

S = n/2 × [2a + (n − 1)d]

यात a म्हणजे पहिलं पद ५००, d म्हणजे दर वेळची वाढ ५०, n म्हणजे पदांची संख्या २४. किंमती नीट टाकल्या तर १२ × (१००० + ११५०), म्हणजे २५,८००. पण घाईत n − 1 च्या जागी n गेला तर १२ × (१००० + १२००), म्हणजे २६,४००, आणि तो पर्याय वाट पाहत बसलेला आहे. पन्नासची वाढ तेवीस वेळाच होते हे लक्षात राहिलं, पण त्याच नादात महिनेही तेवीस धरले, तर २४,१५०. सुरुवातीचा महिना वेगळा मोजून पंचवीस धरले, तर २७,५००. चारही संख्या खऱ्या आकडेमोडीतूनच येतात. कुठलीही हाती आली तरी ती बरोबर आहे असंच वाटेल.

या सूत्राबद्दल माझी एक तक्रार आहे. ते फार दाटीवाटीचं आहे. दुप्पट, वजा एक, गुणाकार, अर्धा, सगळं एका ओळीत, आणि मधल्या पायरीवर थांबून पाहायला जागाच नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत श्रेढीव्यवहार नावाचं प्रकरण आहे. तिथे हेच गणित तीन टप्प्यांत केलेलं आहे, आणि परीक्षेला बसणाऱ्याला तो मार्ग जास्त सोयीचा आहे असं माझं मत आहे.

पहिल्या पदाला तिथे मुख किंवा आदि म्हटलं आहे आणि दर वेळच्या वाढीला चय. आधी शेवटचं पद काढायचं: पदांच्या संख्येतून एक कमी करायचा, त्याला चयाने गुणायचं, मुख मिळवायचं. हे अंत्यधन. त्यात मुख मिळवून निम्मं केलं की मध्यधन, म्हणजे मधलं पद. मध्यधनाला पदांच्या संख्येने गुणलं की एकूण बेरीज, सर्वधन.

भास्कराचार्यांचं उदाहरण दानधर्माचं आहे. पहिल्या दिवशी चार द्रम्म दिले, मग रोज पाच-पाच वाढवत गेला, तर पंधरवड्यात किती दिले? पंधरातून एक गेला चौदा, पाचा चौदा सत्तर, त्यात चार, अंत्यधन ७४. चौऱ्याहत्तर आणि चार अठ्ठ्याहत्तर, निम्मे ३९, मध्यधन. एकोणचाळीस गुणिले पंधरा, ५८५.

आता या रीतीचा फायदा पाहा. समजा कुणी एक कमी करायला विसरला. पाचा पंधरा पंच्याहत्तर, त्यात चार, अंत्यधन ७९. चार मिळवून निम्मे केले तर साडेएकेचाळीस. इथेच थांबायला हवं. पदं पंधरा, म्हणजे विषम आहेत. अशा श्रेढीत बरोबर मधोमध एक खरं पद असतं, आठवं. सगळी पदं पूर्ण द्रम्मांत असताना मधलं पद अर्ध्यात कसं येईल? लगेच कळतं की कुठेतरी एकाचा घोळ झाला. आणि आठवं पद तर हाताशी काढता येतं: चार अधिक सात वेळा पाच, ३९. एकरकमी सूत्रात ६२२.५ आलं असतं आणि अपूर्णांकाकडे कदाचित लक्ष गेलं असतं. पण आकडे जरा वेगळे असते तर तेवढाही इशारा मिळाला नसता. आपल्या शिलकीच्या गणितात तसंच झालं होतं, चुकीचा २६,४०० कसा गुळगुळीत आला.

शिलकीचं गणित या रीतीने केलं तर शेवटच्या महिन्याची रक्कम समोर येते: ५०० अधिक तेवीस पन्नास, १,६५०. ही पटते का, हे लगेच विचारता येतं. दुसऱ्या महिन्यात ५५०, तिसऱ्यात ६००, म्हणजे महिन्याच्या क्रमांकापेक्षा एक कमी इतके पन्नास. चोविसाव्यात तेवीस पन्नास. पटतं. सरासरी १,०७५, गुणिले २४, झाले २५,८००. पदं तीन मांडली, बाकी सूत्राने केलं. चोवीस मांडण्याचा त्रास नाही आणि n कुठे बसतो याची शंकाही नाही.

गुणाकाराने वाढणाऱ्या श्रेढीची, म्हणजे भूमितीय श्रेढीची, गोष्ट वेगळी. तिथे पदं मांडणं लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा परवडतं. ३, ६, १२, २४ अशी दुप्पट होत जाणारी श्रेढी. पहिल्या १० पदांची बेरीज किती? पर्याय १५३३, १५३६, ३०६९, ३०७२.

दुप्पट करणं इतकं सोपं की दहा पदं वीस सेकंदांत होतात: ३, ६, १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४, ७६८, १५३६. आता बेरीज करायला बसू नका. पहिल्या दोन पदांची बेरीज ९, पुढचं पद १२. पहिल्या तीनची २१, पुढचं पद २४. प्रत्येक वेळी बेरीज पुढच्या पदापेक्षा तीनने, म्हणजे पहिल्या पदाने, कमी. दहा पदांनंतरचं पद ३०७२, तेव्हा बेरीज ३०६९. बाकीचे पर्याय कुठून आले तेही आता उघड आहे. ३०७२ हे ते तीन वजा करायला विसरल्याचं उत्तर, १५३६ हे बेरजेऐवजी दहावं पदच लिहिल्याचं आणि १५३३ हे नऊ पदांवर थांबल्याचं. सूत्र वापरलं असतं तरी हेच आलं असतं, पण २ चा घात नववा की दहावा या प्रश्नाशी झुंजून. दुप्पट होणाऱ्या श्रेढीला मी परीक्षेत सूत्र लावणार नाही. तिप्पट होणारीला सहा-सात पदांपर्यंत नाही.

पदं तीस झाली की मात्र मांडणं आटपतं. लीलावतीतच पुढे एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर देत राहतो. उत्तर आहे २,१४,७४,८३,६४६ कवड्या. पर्यायांत एकाचा शेवट ६४६ आणि दुसऱ्याचा ६४८ असेल तर? पूर्ण संख्या काढायची गरज नाही. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे चाराचाराने फिरत राहतात. तिसाव्या दिवसानंतरचं पद म्हणजे २ चा एकतिसावा घात. एकतीसला चारने भागून बाकी तीन, म्हणून शेवटचा अंक ८. बेरीज त्यापेक्षा दोनने कमी, म्हणून शेवट ६. जवळच्या पर्यायांमध्ये शेवटच्या अंकाची ही परीक्षा फार कामाची असते. पण एक अट आहे. शेवटचा अंक वेगवेगळा असलेले पर्यायच तिने निवडता येतात. शंभराच्या अंतरावरचे दोन पर्याय असले तर ती मुकी आहे.

७ च्या प्रश्नात हीच गोष्ट बेरजेबाबत घडते. त्या ५७ संख्यांची बेरीज विचारली तर सरासरी ३०१, गुणिले ५७, उत्तर १७,१५७. कुणी तपासणी म्हणून बेरजेला ७ ने भाग जातो का पाहील. उत्तम, पण ५६ धरून आलेल्या १६,८५६ लाही ७ ने भाग जातो, कारण सरासरीलाच जातो. ही परीक्षा उगाच टाकलेला पर्याय पकडते, एकाच्या घोळातून आलेला पकडत नाही. तो पकडायला इथे सम-विषम पुरतं: ३०१ विषम, ५७ विषम, गुणाकार विषमच हवा. १६,८५६ सम आहे, आणि ५८ धरून येणारा १७,४५८ सुद्धा.

काही प्रश्नांत तर सूत्र लावायच्या आधी चित्रच काढावं. एक चेंडू ८१ फुटांवरून सोडला. प्रत्येक वेळी तो आधीच्या उंचीच्या दोन तृतीयांश वर उसळतो. पाचव्यांदा जमिनीला टेकेपर्यंत त्याने एकूण किती अंतर कापलं? पर्याय २११, ३०९, ३२५, ३४१.

भूमितीय श्रेढी आहे हे खरं, आणि सूत्रही लागतं. पण इथली अडचण श्रेढीत नाही, गोष्टीत आहे. चेंडू पहिल्यांदा फक्त खाली येतो. त्यानंतर प्रत्येक उसळीला वर आणि खाली, दोनदा तेवढंच अंतर. आणि पाचव्यांदा टेकण्याआधी उसळ्या चारच होतात. मांडू: ५४, ३६, २४, १६. मुद्दाम ८१ घेतलेला असतो तो यासाठीच, चौथ्या उसळीपर्यंत पूर्णांक मिळतात. चारांची बेरीज १३०, दुप्पट २६०, त्यात सुरुवातीचे ८१, उत्तर ३४१. ज्याने तीनच उसळ्या धरल्या त्याला ३०९ मिळतात. चौथ्या उसळीचं वर जाणं धरलं पण खाली येणं विसरला त्याला ३२५. सगळ्या उंच्या एकदाच मिळवल्या त्याला २११. सूत्रात २/३ चा चौथा घात काढत बसणारा यांपैकी कुठल्याही चुकीपासून सुरक्षित नाही, उलट त्याची तीस सेकंदं अपूर्णांकातच जातात.

शेवटी असा एक प्रकार, जिथे पर्याय जवळचे असणं हेच आपल्या पथ्यावर पडतं. ५ + ८ + ११ + … अशी किती पदं घेतली म्हणजे बेरीज ७३५ होईल? पर्याय १९, २०, २१, २२. शाळेच्या रीतीने गेलं तर 3n² + 7n − 1470 = 0 हे वर्गसमीकरण येतं, आणि त्याचे अवयव पाडताना दोन मिनिटं कुठे गेली कळत नाही. त्याऐवजी मधला एक पर्याय उचलून पाहा, २० घेऊ, कारण त्याने गुणणं सोपं. विसावं पद ५ अधिक एकोणीस तिन्ही सत्तावन्न, ६२. पहिलं आणि शेवटचं मिळून ६७, त्याच्या दहापट, ६७०. हवेत ७३५, कमी पडले ६५. आता शेजारचा पर्याय आणि हा यांत फरक किती? बरोबर एका पदाचा. एकविसावं पद ६२ अधिक तीन, ६५. उत्तर २१. बेरीज ६७० पेक्षा कमी विचारली असती तर ६२ वजा करून १९ ची बेरीज ६०८ मिळाली असती. पर्याय दहा, वीस, तीस, चाळीस असे लांबलांबचे असते तर हे करता आलं नसतं. प्रत्येक पर्याय स्वतंत्र तपासावा लागला असता, किंवा मग समीकरणच सोडवायला घ्यावं लागलं असतं.